पट्टा सुटल्यावर हात लाल का होतो? रक्ताची स्थानिक वाटणी आणि नायट्रिक ऑक्साइडचे खरे काम

मुंबईतल्या व्यायामशाळांत आणि औषधांच्या दुकानांत ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारे’ असे छापलेले डबे आता सर्रास दिसतात. बिटाचा रस घेतल्याने ‘नसा उघडतात’ असे सांगणारे संदेशही घरोघरी फिरत असतात. या दाव्यांमागे एक खरे आणि फार सुंदर शरीरशास्त्र आहे, पण ते इतके उलटसुलट करून सांगितले जाते की, वाचणाऱ्याच्या मनात नायट्रिक ऑक्साइड हा शरीरात बनणारा वायू म्हणजे रक्तपुरवठ्याची एकमेव किल्ली असे चित्र तयार होते. ते चित्र चुकीचे आहे. एखाद्या अवयवाला रक्त किती मिळावे हे मुख्यतः तो अवयव स्वतः ठरवतो. नायट्रिक ऑक्साइडचे काम त्यानंतर, थोडे वरच्या बाजूला आणि वेगळ्या कारणासाठी सुरू होते. हा क्रम नीट समजण्यासाठी एकच प्रयोग पुरेसा आहे, आणि तो रक्तदाब मोजण्याच्या साध्या पट्ट्याने करता येतो.

रक्त वाटून देणारे कोण?

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. ते मोठ्या धमन्यांतून जवळजवळ सारख्याच दाबाने सर्व अवयवांच्या दारापर्यंत पोहोचते. दारातून आत किती जायचे ते मात्र धमन्यांच्या अगदी शेवटच्या, बारीक फांद्या ठरवतात. त्यांना धमनिका म्हणतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते आणि त्यांच्या भिंतीत गोलाकार गुंडाळलेले स्नायू असतात. हे स्नायू आवळले की वाट अरुंद होते, सैल पडले की रुंद होते.

मुंबईकराला ही व्यवस्था परिचित वाटेल. पाण्याच्या मोठ्या वाहिन्यांत दाब असतो, पण कोणत्या गल्लीत पाणी सोडायचे ते रस्त्यावरची झडप फिरवणारा चावीवाला ठरवतो. फरक इतकाच की, महापालिकेचा चावीवाला वेळापत्रकाप्रमाणे चालतो, तर शरीरातला चावीवाला त्या गल्लीतल्याच रहिवाशांच्या मागणीवर चालतो. वरच्या कार्यालयाला, म्हणजे मेंदूला, त्याने प्रत्येक वेळी विचारण्याची गरज नसते. मेंदूचा हस्तक्षेप होतोच, पण तो संपूर्ण शरीराचा दाब टिकवण्यासाठी. सगळ्याच गल्ल्यांनी एकदम झडपा उघडल्या तर दाब कोसळेल, म्हणून मज्जातंतूंमार्फत काही ठिकाणच्या झडपा आवळून धराव्या लागतात.

चावी किंचित फिरली तरी परिणाम मोठा होतो. दाब तोच असेल तर नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या २० टक्क्यांनी वाढली तर प्रवाह दुप्पट होतो, आणि प्रवाह दहापट व्हायला त्रिज्या दहापट नव्हे, केवळ पावणेदोनपटीच्या आसपास वाढावी लागते. धमनिकांच्या लहानशा हालचालीला एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

पाच मिनिटांचा प्रयोग

समजा, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात एक निरोगी व्यक्ती आडवी झोपली आहे आणि तिचा वरचा रक्तदाब १२० आहे. तिच्या कोपराच्या खाली, अग्रबाहूवर, पट्टा बांधून त्यातला दाब २०० पर्यंत नेला. धमनीतला दाब याहून कमी असल्यामुळे पट्ट्याखालच्या भागात रक्त शिरणेही थांबते आणि तिथून बाहेर पडणेही थांबते. पट्टा असाच ५ मिनिटे ठेवायचा आणि मग एकदम सोडायचा.

विश्रांतीच्या वेळी अग्रबाहूच्या दर १०० ग्रॅम ऊतींमधून मिनिटाला साधारण ३ मिलिलिटर रक्त वाहते. हिशेबाच्या सोयीसाठी ऊतींचे वजन १ किलो धरू. म्हणजे मिनिटाला ३० मिलिलिटर, आणि पाच मिनिटांत हुकलेले रक्त १५० मिलिलिटर. पट्टा सुटताच पहिल्या काही सेकंदांत प्रवाह दहापटीच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या घरात उसळतो. हात लालसर होतो, ऊबदार वाटतो. मग उसळी झपाट्याने उतरू लागते आणि दोनतीन मिनिटांत प्रवाह मूळ पातळीजवळ येतो. थांबलेला रक्तपुरवठा परत सुरू झाल्यावर येणाऱ्या या उसळीला वैद्यकात रिॲक्टिव्ह हायपरेमिया म्हणतात. थॉमस लुईस आणि रोनाल्ड ग्रँट यांनी १९२५ मध्ये माणसांवर केलेला तिचा बारकाईचा अभ्यास आजही मार्गदर्शक मानला जातो.

पट्टा एक मिनिट ठेवला तर उसळी लहान आणि अल्पजीवी असते, दहा मिनिटे ठेवला तर ती अधिक काळ टिकते. हुकलेले रक्त जणू भरून काढले जाते, पण हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. कधी परतफेड कमी पडते, आणि हृदयाच्या स्नायूत तर घेतल्याच्या कितीतरी पट परतफेड होते. त्यामुळे शरीर हुकलेले मिलिलिटर मोजते असे समजू नये. ऊतींची अवस्था बिघडलेली असते आणि ती पूर्ववत होईपर्यंत धमनिका सैल राहतात, एवढेच घडत असते.

चावी फिरवते ते नेमके काय?

रक्त थांबले तरी स्नायूंच्या पेशी जगण्यासाठी इंधन जाळतच असतात. ऑक्सिजन कमी होत जातो. कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढते. पेशींमधून पोटॅशियम बाहेर येते, आणि ऊर्जेच्या रेणूंच्या विघटनातून ॲडेनोसीन नावाचा पदार्थ तयार होतो. एरवी वाहते रक्त हे सारे वाहून नेते. आता प्रवाहच नसल्याने ते धमनिकेच्या भिंतीभोवती साचते आणि तिथल्या स्नायूंना सैल करते. पेशींच्या चयापचयातून निघालेल्या पदार्थांनी स्वतःचा रक्तपुरवठा ठरवण्याच्या या पद्धतीला स्थानिक चयापचयी नियंत्रण म्हणतात. पट्टा सुटला की येणारे रक्त हेच पदार्थ धुऊन नेते, त्यामुळे चावी आपोआप परत आवळली जाते. उसळी आपणहून ओसरते त्याचे कारण हे.

यांपैकी खरा कर्ता कोणता, असे विचारले तर एकच नाव घेता येत नाही. अनेक दशके संशोधकांनी एकेका पदार्थाचा परिणाम औषधाने रोखून पाहिला आणि बहुतेक वेळा उसळी थोडीशीच घटली. मात्र धमनिकेच्या पेशींवरची पोटॅशियमला प्रतिसाद देणारी विशिष्ट द्वारे आणि पोटॅशियम आत ओढणारा पंप दोन्ही एकाच वेळी रोखले, तेव्हा माणसाच्या अग्रबाहूतली उसळी मोठ्या प्रमाणात खाली आली. या द्वारांमुळे आणि पंपामुळे पेशीच्या आवरणावरचा विद्युतभार अधिक ऋण होतो, त्यामुळे कॅल्शियम आत येण्याची वाट मिटते, आणि कॅल्शियम नसले की स्नायू आवळून राहू शकत नाही.

चयापचयाशी संबंध नसलेले आणखी एक कारणही इथे काम करते. विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्येच दाखवले होते की, आतला दाब वाढून भिंत ताणली गेली की धमनिका उलट आवळते आणि ताण गेला की सैल पडते. पट्ट्याच्या पलीकडच्या धमनिकांत पाच मिनिटे फारसा दाबच नसतो, म्हणून धमनिका या कारणानेही सैल झालेली असते. पट्टा फार थोडा वेळ ठेवला तरी उसळी दिसते, तेव्हा साचलेले पदार्थ अगदी अल्प असतात आणि मोठा वाटा या यांत्रिक कारणाचा असतो.

मग नायट्रिक ऑक्साइड कुठे आले?

आता नजर पट्ट्याच्या वर, दंडातल्या धमनीकडे वळवू. पट्टा कोपराच्या खाली असल्यामुळे या धमनीला रक्त कधीच तुटले नव्हते, आणि तिच्याभोवती टाकाऊ पदार्थही साचले नव्हते. तरीही अल्ट्रासाउंडने तिचा व्यास मोजत राहिले तर दिसते की, पट्टा सुटल्यानंतर ४५ ते ६० सेकंदांच्या सुमारास ती रुंदावते. ४ मिलिमीटरची धमनी ४.२८ मिलिमीटर झाली, तर ती वाढ ७ टक्के. निरोगी व्यक्तीत ही वाढ बहुधा ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान आढळते.

इथला कालक्रम फार बोलका आहे. प्रवाहाची उसळी पहिल्या काही सेकंदांतच शिखर गाठते, तर धमनीचा व्यास जवळजवळ मिनिटभराने. याचा अर्थ धमनी रुंदावल्यामुळे रक्त वाढलेले नाही. रक्त वाढल्यामुळे धमनी रुंदावली आहे. खालच्या धमनिका उघडल्या म्हणून वरच्या धमनीतून रक्त वेगाने धावू लागले आणि त्या वेगाने तिच्या आतल्या अस्तरावरचे घर्षण वाढले. एंडोथेलियम नावाचे हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. घर्षण वाढले की त्याच्या पेशींतले एक विकर अर्जिनीन या अमिनो आम्लापासून आणि ऑक्सिजनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. हा वायू भिंतीतल्या शेजारच्या स्नायूत शिरून जीएमपी नावाच्या रेणूचा चक्राकार प्रकार वाढवतो, आणि त्यातून स्नायूतले कॅल्शियम घटून स्नायू सैल होतो. नायट्रिक ऑक्साइडचे आयुष्य काही सेकंदांचेच असते, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला लगेच गिळून टाकते. त्यामुळे ते जिथे बनते तिथेच काम करते.

या अस्तराचे महत्त्व कळले ते रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाद्स्की यांच्या १९८० च्या शोधनिबंधातून. सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकल्यावर कधी ते सैल पडत, तर कधी उलट आवळत, आणि कारण उमगत नव्हते. तपासाअंती कळले की, तुकडे कापताना ज्यांची आतली बाजू नकळत घासली जात होती ते सैल होत नव्हते. मग त्यांनी अस्तर घासलेला एक तुकडा अस्तर शाबूत असलेल्या तुकड्याला चिकटवून ठेवला, आणि घासलेला तुकडाही सैल पडला. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होते. ते नायट्रिक ऑक्साइड असल्याचे १९८७ पर्यंत निश्चित झाले, आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना मिळाले. हे कोडे सोडवणारी ती चिकटवलेल्या तुकड्यांची युक्ती मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पण उसळीसुद्धा नायट्रिक ऑक्साइडमुळेच येत असेल ना?

हा आक्षेप रास्त आहे, कारण धमनिकांनाही अस्तर असतेच. त्याची तपासणी सरळ आहे. नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर रोखणारे औषध दंडातल्या धमनीत सोडायचे आणि प्रयोग पुन्हा करायचा. असे केल्यावर दंडातल्या धमनीचे रुंदावणे बऱ्याच अंशी नाहीसे होते, पण अग्रबाहूतल्या उसळीचे शिखर जवळजवळ तसेच राहते. तिच्या उतरत्या भागात काहीशी घट दिसते. म्हणजे हाताची लाली हे नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाणपत्र नाही.

मग वरची धमनी रुंदावून साधते काय? खालच्या झडपा पूर्ण उघडल्यावर वरची नळी अडसर ठरू नये, आणि अस्तरावरचे वाढलेले घर्षण पुन्हा कमी व्हावे, हे तिचे काम. शिवाय नायट्रिक ऑक्साइड एरवीही थोडेथोडे पाझरत असते. ते बिंबाणूंना भिंतीला चिकटू देत नाही आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हातावर डोके ठेवून झोपल्यावर येणाऱ्या मुंग्या सहसा मज्जातंतूवर पडलेल्या दाबामुळे येतात, आणि त्या वरच्या उसळीचे माप नसतात. पाच मिनिटे पट्टा बांधल्याने हाताला इजा होईल ही भीतीही अनाठायी आहे. अस्थिशस्त्रक्रियेत असा पट्टा तासाहून अधिक काळ ठेवला जातो. मात्र तो सोडताना साचलेले आम्ल आणि पोटॅशियम एकदम शरीरात येऊन रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून भूलतज्ज्ञ त्या क्षणी विशेष लक्ष ठेवतात.

डब्यातून आणि बिटातून काय मिळते?

तंबाखूचा धूर, मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांनी अस्तर बिघडते, तेव्हा अर्जिनीनचा तुटवडा हे सहसा कारण नसते. पेशींत विकराला पुरून उरेल इतके अर्जिनीन असते. अडचण अशी होते की, ऑक्सिजनपासून बनणारे आक्रमक रेणू तयार झालेले नायट्रिक ऑक्साइड काम करण्यापूर्वीच नष्ट करतात, आणि पुढे ते विकर स्वतःच नायट्रिक ऑक्साइडऐवजी तसले रेणू बनवू लागते. शिवाय तोंडाने घेतलेल्या अर्जिनीनचा मोठा भाग आतड्यात आणि यकृतात मोडला जातो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अर्जिनीन देऊन पाहणारी एक अमेरिकी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १५३ रुग्ण होते. फायदा तर दिसला नाहीच, उलट अर्जिनीन घेणाऱ्यांत ६ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून चाचणीतली नवी भरती थांबवण्यात आली. एवढ्या लहान चाचणीवरून अर्जिनीन प्राणघातक आहे असे म्हणता येणार नाही, पण झटका येऊन गेलेल्यांनी ते स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

बिटाची वाट वेगळी आहे. बिटातले आणि पालेभाज्यांतले नायट्रेट लाळेतून तोंडात येते, जिभेवरचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनते. ही वाट अस्तराच्या विकरावाचून चालते. ती त्या जीवाणूंवर अवलंबून असल्यानेच जंतुनाशक चूळ नियमित भरणाऱ्यांत हा परिणाम मंदावतो. बिटाने रक्तदाब थोडा उतरतो हे खरे, पण त्याने बिघडलेले अस्तर दुरुस्त होते असे म्हणता येत नाही.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिल ही गोळी त्याच साखळीतल्या चक्राकार जीएमपीचे विघटन थांबवते. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो, त्यामुळे सिल्डेनाफिल घेतली असल्यास डॉक्टरांना ते न लाजता सांगितलेच पाहिजे.

मग प्रत्येकाने ही चाचणी करून घ्यावी का?

धमनी किती रुंदावते हे मोजण्याची पद्धत डेव्हिड सेलेरमायर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. धूम्रपान करणाऱ्यांत, अगदी कोणतेही लक्षण दिसण्याआधी, हे रुंदावणे घटलेले असते हे त्यातून दिसले. दोष अस्तरात आहे की स्नायूत, हेही ओळखता येते. अस्तराला वगळून थेट स्नायू सैल करणारे नायट्रोग्लिसरीन जिभेखाली दिल्यावर धमनी नीट रुंदावली, पण पट्ट्याच्या प्रयोगात रुंदावली नाही, तर स्नायू ठीक असून अस्तर बिघडलेले आहे.

तरीही एका व्यक्तीसाठी ही चाचणी निर्णायक नाही. मोजायचा फरक पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. खोलीचे तापमान, नुकताच घेतलेला चहा, जेवण, मासिक पाळीचा टप्पा आणि पट्टा कोपराच्या वर बांधला की खाली, या सगळ्यांनी तो बदलतो. संशोधनात शेकडो माणसांची सरासरी काढताना या चुका एकमेकींना झाकतात, पण एका माणसाच्या एका आकड्याला तो आधार नसतो.

झडपा आधीच उघड्या असतील तर?

स्थानिक नियंत्रणाची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते ती अरुंद झालेल्या धमनीत. पायाच्या धमनीत चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली, तर पोटरीतल्या धमनिका विश्रांतीतच सैल होऊन ती तूट भरून काढतात. घरात बसलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. तोच माणूस दादरच्या पुलाचा जिना चढू लागला की स्नायूंची मागणी वाढते, पण अधिक उघडायला धमनिकांकडे फारसे काही उरलेले नसते. पोटरीत पेटका येतो, माणूस थांबतो आणि काही मिनिटांत दुखणे जाते. अशा पायावर पट्ट्याचा प्रयोग केला तर उसळी लहान असते, शिखर उशिरा येते आणि ओसरायलाही वेळ लागतो.

हृदयात हेच अधिक महत्त्वाचे ठरते, कारण हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातला ७० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन काढून घेतो. जास्त ऑक्सिजन हवा असेल तर रक्तच जास्त यावे लागते. लान्स गुल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की, हृदयधमनीचा व्यास ३० ते ४५ टक्क्यांनी घटला की तिची जास्तीत जास्त रक्त नेण्याची क्षमता कमी होऊ लागते, पण विश्रांतीतला प्रवाह मात्र व्यास सुमारे ८५ टक्के घटेपर्यंत शाबूत राहतो. त्यामुळे अँजिओग्राफीत ‘६० टक्के’ दिसलेल्या अडथळ्याला स्टेंट हवा की नको, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही.

अशा वेळी डॉक्टर दाब मोजणारी बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात आणि रुग्णाला ॲडेनोसीन देतात, म्हणजे ऊती एरवी स्वतः बनवतात तोच संदेश बाहेरून पुरवतात. धमनिका पूर्ण उघडतात. ॲडेनोसीन देण्यापूर्वी महाधमनीत ९० आणि अडथळ्यापलीकडे ८४ दाब असेल, आणि ॲडेनोसीननंतर महाधमनीतला दाब तितकाच राहून पलीकडचा ६६ वर आला, तर ६६ भागिले ९० म्हणजे ०.७३. हा आकडा ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा खरोखर रक्त रोखतो आहे असे मानले जाते. तो त्याहून वर राहिला, तर तोच ६० टक्क्यांचा अडथळा बहुधा औषधांवरच सोडला जातो.